रबर-रिंग सॉकेट जोड (पीव्हीसी मलवाहिनीतील)

इमारतीतील मलजल वाहून नेणाऱ्या कडक पीव्हीसी नळांची टोके सोल्युशनने कायमची न चिकटवता, एका नळाच्या फुगीर तोंडात म्हणजे सॉकेटमध्ये बसवलेल्या रबरी कड्याच्या दाबाने जोडण्याची पद्धत. बांधकाम व्यवसायात हा जोड ‘रिंगफिट’ या नावाने ओळखला जातो. भारतात असे नळ आयएस १३५९२ या मानकानुसार बनतात; त्यात पातळ भिंतीचा ‘ए’ प्रकार वायुवीजन व पावसाच्या पाण्यासाठी, तर जाड भिंतीचा ‘बी’ प्रकार मलजल व सांडपाण्यासाठी ठरवलेला आहे. शौचालयाच्या उभ्या नळासाठी सर्वसाधारणपणे ११० मिमी बाह्यव्यासाचा नळ वापरतात.

या जोडाकडून दोन गोष्टी एकाच वेळी अपेक्षित असतात. पाणी व दुर्गंधी बाहेर पडू नये इतके कडे घट्ट असले पाहिजे आणि तापमानाप्रमाणे नळ लांबला किंवा आखडला तर त्याचे टोक कड्यातून सरकलेही पाहिजे. म्हणून जोड म्हणजे नळ आत जाईल तितका दाबून बसवणे नव्हे, तर त्याचे टोक दोन मर्यादांच्या मध्ये मोजून थांबवणे होय. वंगण, प्रवेशाची खोली आणि प्रसरणासाठी सोडलेली मोकळीक या तिन्ही बाबी याच हेतूने ठरतात.

रचना

सॉकेटच्या तोंडाजवळ आतल्या बाजूस एक गोल खाच असते व तीत रबरी कडे बसते. कड्याचा जाड भाग खाचेत रुतलेला राहतो आणि पातळ ओठ सॉकेटच्या आतील बाजूस झुकलेला असतो, त्यामुळे आत शिरणारे टोक त्या ओठाला आपल्याच दिशेने वाकवून पुढे जाते. कडे उलटे बसवल्यास हाच ओठ टोकाला अडतो आणि दुमडून खाचेबाहेर येतो. सॉकेटच्या तळाशी एक पायरी असते. टोक तिला टेकले की प्रवेशाची कमाल खोली झाली असे समजतात. उभ्या नळात सॉकेटचे तोंड नेहमी वर ठेवतात, म्हणजे वरच्या नळाचे टोक प्रवाहाच्या दिशेने खालच्या नळात शिरते आणि पाणी कड्याकडे न वळता सरळ खाली जाते.

टोकाची तयारी व वंगण

कारखान्यातून आलेल्या नळाचे टोक उतरते केलेले असते. पण जागेवर कापलेल्या नळाला ही उतरण नव्याने द्यावी लागते. प्रथम नळ काटकोनात कापून आतबाहेरचे बुरे काढतात आणि मग कानशीने बाहेरील कडेला सुमारे १५ अंशांचा उतार देतात. भिंत ३.२ मिमी जाड असेल आणि तिची निम्मी जाडी टोकाशी शिल्लक ठेवायची असेल, तर या उताराची लांबी साधारण ६ मिमी भरते. टोक धारदार होईपर्यंत घासू नये, कारण धारदार टोकाने रबर कापले जाते. उतार अजिबात दिला नाही तर कडे खाचेतून ढकलले जाते.

नंतर कडे बाहेर काढून खाच कोरड्या फडक्याने पुसतात व कडे पुन्हा सर्व बाजूंनी सारखे बसवतात. रबर व खाच यांच्यामध्ये अडकलेला वाळूचा एखादा कणही गळतीस पुरेसा असतो. वंगण कड्याच्या उघड्या भागावर आणि नळाच्या उतरत्या टोकावर पातळ व अखंड लावतात. खाचेत, म्हणजे कड्याच्या मागे, ते लावू नये. तेथे लावल्यास कड्याची पकड सुटते आणि नळ आत जाताना तेही सोबत सरकते.

वंगणाचे काम फक्त जोडताना होणारे घर्षण कमी करण्याचे असते. गळती थांबते ती दाबल्या गेलेल्या रबरामुळे. त्यामुळे नंतर सुकून गेले तरी चालेल, पण रबराला अपाय करणार नाही, असे वंगण हवे. नळ बनवणाऱ्यांनी पुरवलेली पाण्यात विरघळणारी वंगणपेस्ट यासाठी योग्य ठरते आणि ती नसेल तेव्हा साबणाचे दाट पाणीही चालते, मात्र ते सुकण्यापूर्वी जोड पूर्ण करावा लागतो. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल अशी खनिज तेले या कड्यांच्या नेहमीच्या रबराला फुगवून मऊ करतात. अशा तेलाने नळ त्या दिवशी सहज आत जातो. परंतु कड्याचा आकार बदलतो, त्याचा दाब कमी होतो आणि गळती बऱ्याच काळाने उघड होते.

प्रवेशाची खोली

खोली अंदाजाने न ठरवता प्रत्येक सॉकेटची स्वतंत्र मोजावी लागते, कारण नळाचे सॉकेट आणि टी, बेंड यांसारख्या जोडभागांचे सॉकेट सारख्याच खोलीचे असतील असे नाही. उदाहरणार्थ, सॉकेटच्या तोंडापासून तळाच्या पायरीपर्यंतचे अंतर ६५ मिमी भरले, तर नळाच्या टोकापासून ६५ मिमीवर पेन्सिलीने पहिली खूण करतात आणि ५५ मिमीवर दुसरी. खूण धारदार वस्तूने ओरखडून करू नये, कारण ओरखड्यावर कड्याचा ओठ नीट टेकत नाही. दोन्ही नळ एका सरळ रेषेत धरून टोक पहिल्या खुणेपर्यंत आत सारतात आणि मग नळ १० मिमी मागे ओढतात. आता दुसरी खूण तोंडाशी येते व पहिली खूण १० मिमी बाहेर दिसते. जोड योग्य खोलीवर असल्याची हीच दृश्य खात्री असते.

टोक हाताने जात नसेल तर आत सारायच्या नळाच्या दुसऱ्या टोकाला लाकडी ठोकळा ठेवून पहारीने सावकाश रेटावे; हातोड्याचे घाव घालू नयेत. अर्ध्यावर अचानक जोर लागू लागला, तर कडे जागचे हलले असे समजून नळ बाहेर काढावा व कडे तपासावे. जोड पूर्ण झाल्यावर तोंडाच्या फटीतून पातळ पट्टी सर्व बाजूंनी घालून पाहतात. ती सगळीकडे सारख्याच खोलीवर रबराला लागली तर कडे जागेवर आहे. एखाद्या ठिकाणी ती अधिक खोल गेली, तर तेथे कडे आत ढकलले गेले आहे.

प्रसरणासाठी मोकळीक

पीव्हीसी हे लोखंडापेक्षा कित्येक पटींनी अधिक प्रसरण पावते. सुरक्षित हिशेबासाठी दर मीटर लांबीस दर अंश सेल्सिअसला ०.०८ मिमी हे प्रमाण धरतात. लांबीतील बदल म्हणजे हे प्रमाण, नळाची लांबी आणि तापमानातील फरक यांचा गुणाकार होय. यावरून ३ मीटर लांबीचा नळ दर अंशाला ०.२४ मिमी लांबतो किंवा आखडतो.

नागपुरातील एखाद्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या उन्हात ३ मीटरचा नळ बसवायचा आहे असे समजू. नळाचे तापमान हिवाळ्यातील पहाटे १० अंशांपर्यंत उतरते आणि मे महिन्याच्या दुपारी ऊन थेट पडल्याने ६० अंशांपर्यंत चढते, असे हिशेबासाठी धरले, तर वर्षभरात त्याची लांबी एकूण १२ मिमी बदलते. काम नळ २० अंशांवर असताना केले, तर पुढे ४० अंशांची वाढ शक्य असते आणि प्रसरण ९.६ मिमी होते, त्यामुळे १० मिमी मोकळीक जेमतेम पुरते. तेच काम १० अंशांवर केले, तर १० मिमी अपुरी पडते; अशा वेळी मोकळीक १३ मिमीपर्यंत वाढवावी किंवा नळ तापेपर्यंत थांबावे. उलट ४५ अंशांच्या तापलेल्या नळाला पुढे केवळ ३.६ मिमी वाढायचे असते, पण ८.४ मिमी आखडायचे असते. त्या वेळी ५ मिमी मागे घेणे पुरेसे होते. अधिक घेतल्यास हिवाळ्यात टोक कड्याकडे अनावश्यक सरकते.

या दुसऱ्या मर्यादेचा हिशेबही वरील सॉकेटवर करता येतो. कड्याचा ओठ तोंडापासून २५ मिमी आत असेल आणि टोक ५५ मिमीवर थांबवले असेल, तर टोक ओठाच्या पुढे ३० मिमी असते. त्यातील ६ मिमी उतरता भाग वजा केल्यास घट्ट बसणारी २४ मिमी लांबी उरते आणि थंडीत नळ ८.४ मिमी आखडला तरी सुमारे १५ मिमी शिल्लक राहते. उथळ सॉकेटमध्ये हीच शिल्लक वेगाने घटते. सहा मीटर लांबीच्या अखंड नळात सर्व बदल दुप्पट होतात, म्हणून तेथे एकाच जोडावर अवलंबून राहता येत नाही.

मोकळीक उपयोगी पडण्यासाठी हालचाल कोठे व्हावी हे क्लॅम्प ठरवतात. प्रत्येक लांबीला एकच घट्ट क्लॅम्प सॉकेटच्या खाली देतात, ज्यामुळे सॉकेट जागेवर राहते. मधला क्लॅम्प नळाला दिशा देण्यापुरता सैल ठेवतात. दोन्ही ठिकाणी घट्ट आवळल्यास नळ जोडात सरकण्याऐवजी मध्ये वाकतो, आणि दोन्ही सैल ठेवल्यास वजनाने खाली सरकून मोकळीक भरून टाकतो.

दोष व त्यांची ओळख

दुपारी वाकलेला आणि सकाळी पुन्हा सरळ दिसणारा नळ मोकळीक नसल्याचे दाखवतो. त्याचा ताण टी किंवा बेंडवर जाऊन तेथे तडा जाऊ शकतो. थंडीच्या दिवसांतच होणारी गळती टोक कड्यातून मागे आल्याची खूण असते. ऋतू कोणताही असो, फ्लश केल्यावर एकाच सॉकेटखाली ओघळ उतरत असेल, तर कडे कापले, दुमडले किंवा मळलेले असण्याचा संभव अधिक असतो. अशा वेळी तोंडाच्या फटीत सोल्युशन किंवा इपॉक्सी पुटी भरली जाते, परंतु त्याने सरकणारा जोड बांधला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात दोष दुसऱ्या ठिकाणी उमटतो. जोड उघडून कडे बदलणे हाच उपाय होय.

नळ ओढून बाहेर काढणाऱ्या बलाला हा जोड विरोध करत नाही. खालचे तोंड बंद करून पाण्याने चाचणी घेताना, किंवा नळ तुंबून वर पाणी साचल्यावर, ३ मीटर उंचीच्या पाण्याचा ११० मिमी नळाच्या तळाशी असलेल्या बंद टोकावर वा बेंडवर सुमारे २५ ते २८ किलो वजनाइतका रेटा पडतो. म्हणून तळाच्या बेंडला स्वतंत्र आधार द्यावा लागतो. स्लॅबमध्ये किंवा भिंतीत जाणाऱ्या जोडाच्या तोंडावर काँक्रीट ओतण्यापूर्वी चिकटपट्टी गुंडाळतात, जेणेकरून सिमेंटचे पाणी फटीत शिरून कड्यापाशी गोठणार नाही. मात्र काँक्रीटमध्ये पूर्ण गाडलेल्या नळाला सरकता येत नसल्यामुळे त्याच्या जोडातील मोकळीक प्रसरणाच्या हिशेबात धरत नाहीत आणि लगतच्या उघड्या नळासाठी वेगळा सरकता जोड ठेवतात.