कुत्र्यांमधील मायस्थेनिया ग्रेव्हिस

मायस्थेनिया ग्रेव्हिस हा चेतातंतू आणि स्नायू जेथे एकत्र येतात त्या संधिस्थानाचा विकार आहे. श्रमाने वाढणारी आणि विश्रांतीने ओसरणारी स्नायूंची दुर्बलता हे त्याचे प्रमुख लक्षण होय. हा विकार माणसाप्रमाणे कुत्र्यांनाही होतो. मात्र कुत्र्यांत त्याचा सर्वांत घातक परिणाम पायांवर न होता अन्ननलिकेवर होतो, आणि उपचारांची दिशा मुख्यतः त्यावरूनच ठरते.

## कारण

चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन पाझरते, ते स्नायूवरील ग्राहकांना चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यामुळे कार्यक्षम ग्राहकांची संख्या घटते. पहिल्या काही आकुंचनांना उरलेले ग्राहक पुरतात, परंतु सलग हालचालीत प्रत्येक संदेशाबरोबर पाझरणाऱ्या रसायनाचे प्रमाण स्वाभाविकपणेच उतरत जाते. निरोगी स्नायूला ही घट जाणवत नाही; आजारी स्नायू मात्र थांबतो. थोड्या विश्रांतीनंतर कुत्रा पुन्हा उठून चालू लागतो, याचे कारण हेच.

रोग कोणत्याही जातीत आढळत असला तरी अकिता जातीत त्याचा धोका विशेष आहे. जर्मन शेफर्ड व लॅब्राडोर यांतही तो दिसतो. साधारणतः १ ते ४ वर्षे आणि ९ वर्षांच्या पुढे अशा दोन वयोगटांत तो अधिक आढळतो. काही थोड्या कुत्र्यांत छातीतील थायमस ग्रंथीचा अर्बुद त्याच्या मुळाशी असतो. जॅक रसेल टेरियरसारख्या काही जातींत ग्राहकांची उणीव जन्मजात असते. तो प्रकार वेगळा असून त्यात प्रतिपिंडे नसतात.

## लक्षणे

सर्वांगी प्रकारात कुत्रा घरातून उत्साहाने निघतो, काही मिनिटांत त्याची पावले आखूड होतात, मागचे पाय थरथरतात आणि तो बसकण मारतो. सांधेदुखी किंवा हृदयविकार समजून अशा कुत्र्यावर भलतेच उपचार होण्याचा संभव असतो. डोळ्याच्या कोपऱ्याला बोटाने पुनःपुन्हा हलका स्पर्श केल्यास पापणी आधी नीट मिटते, मग अर्धवट मिटते आणि शेवटी मिटेनाशी होते. ही साधी खूण तपासणीत उपयोगी पडते.

स्थानिक प्रकारात पाय धडधाकट राहतात आणि केवळ चेहरा, घसा किंवा अन्ननलिका दुर्बळ होते. माणसाच्या अन्ननलिकेचा खालचा भाग अनैच्छिक स्नायूंचा असतो, म्हणून तो या रोगातून सुटतो. कुत्र्याची अन्ननलिका मात्र जवळजवळ संपूर्ण लांबीभर ऐच्छिक प्रकारच्या स्नायूंनी बनलेली असते. ती सैल पडून फुगते, अन्न जठरापर्यंत न जाता तिच्यातच साठते आणि आपोआप तोंडावाटे परत येते. मालक याला उलटी म्हणतो. परंतु उलटीपूर्वी पोट जोराने आत ओढले जाते व ओकाऱ्या येतात. येथे तसे काही होत नाही. मान खाली करताच न पचलेले अन्न, कित्येकदा नळीच्या आकारात, बाहेर पडते. हेच अन्न श्वासनलिकेत शिरल्यास फुप्फुसदाह होतो. या रोगातील मृत्यूंचे ते प्रमुख कारण आहे.

## निदान

१९७३ साली अमेरिकेतील सॉल्क संस्थेत जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत्-ईल माशाचे ग्राहक सशांना टोचले असता सशांना हाच विकार जडला. प्रतिपिंडांची आजची चाचणी या संशोधनाच्या वाटेने आली. तिच्यात ग्राहक ओळखण्यासाठी तैवान व दक्षिण चीनमध्ये आढळणाऱ्या मण्यार सापाच्या विषातील एक घटक वापरतात. महाराष्ट्रातील मण्यार याच प्रजातीतील असून तिच्या दंशानेही चेता-स्नायू संधीच बंद पडतो.

चाचणीसाठी कुत्र्याच्या रक्तातील रक्तरस, म्हणजे सीरम, लागतो. प्रतिपिंडांचे प्रमाण लिटरमागे ०.६ नॅनोमोलहून अधिक असल्यास निदान पक्के समजतात. चाचणी कुत्र्यांच्या ग्राहकांवर आधारलेली असावी लागते. माणसांसाठीच्या चाचणीचा निष्कर्ष येथे विसंबण्याजोगा नसतो. नमुना स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी घ्यावा, कारण त्या औषधाने प्रतिपिंडे घटून निष्कर्ष फसवा येऊ शकतो. सुमारे २ टक्के रुग्णांत रोग असूनही प्रतिपिंडे सापडत नाहीत. आकडा मोठा म्हणजे आजार गंभीर असेही नाही. त्याची तुलना त्याच कुत्र्याच्या आधीच्या आकड्याशीच करावी. छातीचे क्ष-किरण चित्र प्रत्येक रुग्णात आवश्यक असते. त्यातून फुगलेली अन्ननलिका, फुप्फुसदाह आणि थायमसचा अर्बुद या तिन्हींचा शोध घेता येतो.

## उपचार

पायरिडोस्टिग्मिन हे औषध ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराला रोखते, त्यामुळे उरलेल्या ग्राहकांना ते रसायन अधिक काळ मिळते. प्रतिपिंडांवर त्याचा परिणाम होत नाही. मात्रा किलोग्रॅममागे ०.५ ते ३ मिलिग्रॅम, दर ८ ते १२ तासांनी अशी असते आणि सुरुवात खालच्या टोकापासून करतात. मात्रा जास्त झाल्यास लाळ गळते, उलट्या व जुलाब होतात आणि पुन्हा अशक्तपणाच येतो. रोग बळावला असे समजून अशा वेळी मात्रा वाढवणे धोक्याचे असते. लाळ व जुलाब यांची जोड दिसली तर पुढची मात्रा थांबवून पशुवैद्यकाला गाठावे.

एक नमुना घेऊ. ३० किलो वजनाच्या, पाच वर्षांच्या जर्मन शेफर्डमध्ये प्रतिपिंडे २.४ नॅनोमोल आढळली. किलोमागे ०.५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्याची पहिली मात्रा १५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या गोळीचा चतुर्थांश होईल. आठवड्याभरात तो अंगणाला चार फेऱ्या घालू लागतो. मात्र अन्न अजून परत येतेच. हा या उपचारातील कसोटीचा काळ होय. औषधाने पाय सुधारतात, परंतु अन्ननलिका पुष्कळदा मागे राहते. चाल सुधारलेली पाहून ताटली पुन्हा जमिनीवर ठेवली, तर फुप्फुसदाह ओढवू शकतो. म्हणून कुत्र्याला मागच्या बाजूवर उभट बसवून, त्यासाठी केलेल्या बेली नावाच्या खुर्चीत ठेवून, थोडे थोडे खाऊ घालावे आणि नंतरही १० ते २० मिनिटे तसेच ठेवावे. गोळी अन्ननलिकेत अडकत असेल तर पातळ केलेले सिरप देतात. गिळताच येत नसेल तर निओस्टिग्मिनचे इंजेक्शन देतात. सहा-आठ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. तो आकडा १.३ आणि काही महिन्यांनी ०.४ वर आला, क्ष-किरण चित्रात अन्ननलिकाही पूर्ववत दिसली, तरच औषध हळूहळू कमी करतात.

स्टेरॉइड सरसकट दिले जात नाही. त्याने आरंभी दुर्बलता वाढू शकते आणि फुप्फुसदाह असताना ते अपायकारक ठरते. फुप्फुसदाहासाठी प्रतिजैविक निवडतानाही जेंटामायसिनच्या गटातील औषधे टाळतात, कारण ती चेता-स्नायू संधीला आणखी दुबळे करतात.

## रोगाची वाटचाल

कुत्र्यांमधील या रोगाचा एक विशेष म्हणजे तो आपोआपही शमू शकतो. शेल्टन आणि लिंडस्ट्रॉम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५३ पैकी ४७ कुत्र्यांत प्रतिकारयंत्रणा दाबणारी औषधे न देता, सरासरी ६.४ महिन्यांत प्रतिपिंडे नाहीशी झाली. नंतरच्या पाहणीत मात्र हे प्रमाण बरेच कमी दिसले आहे. थायमसचा अर्बुद असलेल्या कुत्र्यांत अशी आपोआप सुटका क्वचितच होते. तेथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. निदानानंतरच्या पहिल्या महिन्यात फुप्फुसदाहाने अनेक कुत्री दगावतात, त्यामुळे चाचणीचा निष्कर्ष यायला काही दिवस लागणार असले तरी उभट बसवून खाऊ घालणे संशय येताच सुरू करतात.