रोधशिडी अंकीय-सदृश परिवर्तक

R आणि 2R या दोनच मूल्यांच्या रोधकांची शिडी वापरून द्विमान संकेताचे विद्युत दाबात रूपांतर करणारे मंडल. n बिटांच्या शिडीवर भार नसताना निर्गत दाब असा मिळतो:

Vout = Vref × D / 2ⁿ

येथे D हे संकेताचे दशमान मूल्य. संदर्भ दाब 5 व्होल्ट असलेल्या 8 बिटी शिडीत 10000000 या संकेताला (D = 128) 2.5 व्होल्ट मिळतात. एक पायरी सुमारे 19.5 मिलिव्होल्टची असते.

मुख्य त्रुटी रोधकांच्या विषमतेतून येते. फक्त सर्वोच्च बिटाचा 2R रोधक 1 टक्का जास्त भरला, तर 01111111 ला सुमारे 2.493 आणि 10000000 ला 2.488 व्होल्ट मिळतात. संकेत वाढूनही दाब घटतो. हे दोन संकेत मल्टिमीटरने मोजल्यास दोष उघड होतो.

शिडीचा निर्गत रोध R असल्याने R एवढा भार जोडताच दाब निम्मा होतो. म्हणून पुढे बफर जोडतात.