प्रवाहाचीं नांवें

प्रवाहशास्त्राचें इंग्रजी व्याख्यान मराठींत आणूं पाहणारा अध्यापक प्रथम शब्दकोश उघडतो, आणि बहुधा तेथेंच फसतो. हे शब्द ज्या प्रयोगांतून जन्मले ते प्रयोग पाहिल्यावांचून त्यांना मराठी वेष शोभत नाहीं.

१८८३ सालीं मँचेस्टर येथील ऑस्बर्न रेनल्ड्स यांनीं कांचेच्या नळींतून पाणी वाहूं दिलें व नळीच्या तोंडाशीं रंगाची बारीक धार सोडली. वेग मंद असतां ती धार दोऱ्याप्रमाणें सरळ गेली. वेग वाढवितां एका जागीं ती एकाएकीं विसकटली व पुढील सारें पाणी रंगून गेलें. रेनल्ड्स यांनीं या प्रकारांना सरळ व नागमोडी अशा अर्थाचीं साधीं नांवें दिलीं होतीं. दुसऱ्या प्रकाराला ‘टर्ब्युलंट’ हा शब्द पुढें लॉर्ड केल्व्हिन झालेल्या विल्यम टॉमसन यांनीं १८८७ सालीं योजला. त्याचें भाषांतर ‘खवळलेला’ असें केल्यास श्रोत्याच्या डोळ्यांपुढें आषाढांतील समुद्र उभा राहतो. परंतु शहराच्या मोठ्या नळांतून निमूटपणें जाणारें पाणीहि याच प्रकारचें असतें. फेस किंवा आवाज हें त्याचें लक्षण नव्हे. कणांच्या वाटा एकमेकींत मिसळणें हें लक्षण. म्हणून ‘संक्षुब्ध’ हा शब्द बरा.

‘लॅमिनर’ शब्दाच्या मुळाशीं पातळ पत्र्याचा लॅटिन शब्द आहे. त्याला ‘स्तरीय’ हा शब्द सहज सुचतो. खरी अडचण पुढें येते. १९०४ सालीं हायडेलबर्ग येथें लुडविग प्रांट्ल यांनीं दाखविलें कीं, भिंतीला चिकटून पाणी स्थिर राहतें आणि तेथून अगदीं थोड्या अंतरांत त्याचा वेग पूर्णपणें वाढतो. त्या पातळ पट्ट्याचें जर्मन नांव ‘ग्रेन्झशिख्ट’. इंग्रजी ‘बाउंडरी लेयर’ हें त्याचेंच भाषांतर. मराठींत ‘सीमास्तर’ म्हटलें कीं विद्यार्थी समजतो, सीमास्तरांतील प्रवाह स्तरीयच असणार! वस्तुतः तो संक्षुब्धहि असतो. इंग्रजींत हे दोन शब्द भिन्न कुळांतले, म्हणून तेथें हा घोटाळा होत नाहीं. ‘सीमाथर’ हा जोड पंडितांस खटकेल, पण घोटाळा टाळतो.

‘हेड लॉस’चें ‘शीर्षहानि’ हें भाषांतर तर अगदींच डोकें गेल्यासारखें वाटतें. येथें ‘हेड’ म्हणजे पाण्याच्या स्तंभाची उंची. १० सेंटिमीटर व्यासाचा, १०० मीटर लांबीचा आडवा नळ घ्यावा. पाण्याचा वेग सेकंदास १ मीटर असावा. नळाच्या दोन्ही टोकांशीं उभ्या कांचनळ्या बसविल्यास दुसरींतील पाणी सुमारें १ मीटर खालीं दिसेल. थेंबभरहि पाणी गळालेलें नसतें. घर्षणानें तेवढ्या उंचीची शक्ति उष्णतेंत गेलेली असते. म्हणून ‘हानि’ऐवजीं ‘उंचीची घट’ म्हणावें. वेग दुप्पट केल्यास ही घट जवळजवळ चौपट, म्हणजे ४ मीटर होईल. प्रवाह स्तरीय असता तर ती केवळ दुप्पट झाली असती. रंगाची धार न सोडतांहि नळांतील प्रवाह कोणता, हें यावरून ओळखतां येतें.