मांजर : गोड चवीचा अभाव व अन्नाची निवड

मांजराला गोड चव कळत नाही. साधे पाणी आणि साखरेचे पाणी शेजारी ठेवले, तर ते साखरेच्या पाण्याकडे जास्त वळत नाही. हे बरेच आधीपासून माहीत होते. कारण मात्र २००५ साली फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी शोधले. सस्तन प्राण्यांच्या जिभेवरील गोडाचा ग्राही टी१आर२ आणि टी१आर३ या दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो. मांजरात टी१आर२च्या जनुकातील २४७ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. त्यामुळे पुढचा संदेश चुकीचा वाचला जातो, मध्येच थांबतो आणि प्रथिन तयारच होत नाही. वाघ आणि चित्ता यांच्यातही हाच दोष आढळल्याने तो मार्जारकुळाच्या पूर्वजातच शिरला असावा. केवळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याचे गोडी न कळल्याने काही अडत नाही. म्हणून असा बिघाड टिकून राहिला, असे मानले जाते.

जोडीतले दुसरे प्रथिन, टी१आर३, मात्र शाबूत आहे, कारण त्याला दुसरे कामही आहे. टी१आर१बरोबर ते उमामीचा, म्हणजे मांसरसाच्या चवीचा, ग्राही बनवते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मांजराचा हा ग्राही माणसाच्या ग्राहीपेक्षा वेगळा वागतो. माणसात ग्लुटामेट मुख्य असते. मांजरात इनोसिन मोनोफॉस्फेटसारखी न्यूक्लिओटाइडे ग्राही जागा करतात आणि हिस्टिडिनसारखी अमिनो आम्ले तो परिणाम वाढवतात. ट्यूना माशात ही दोन्ही द्रव्ये भरपूर असतात, त्यामुळे मांजरांचे या माशाचे वेड समजण्यासारखे आहे. कडू चव मांजराला चांगली कळते. गोळी तोंडात जाताच फेस येतो तो बहुधा याचमुळे.

मग मांजर श्रीखंड किंवा आइस्क्रीम का चाटते? ओढ साखरेची नसून स्निग्धांशाची आणि दुधातील प्रथिनांची असते.

तरीही पहिला निकाल नाकच देते. मांजराच्या जिभेवर रुचिकलिका सुमारे पाचशेच असतात, माणसाच्या जिभेवर काही हजार. अन्न तोंडात घेण्याआधी मांजर ते हुंगते आणि वास पटला नाही तर निघून जाते. शीतकपाटातून काढलेले मांस अनेक मांजरे नाकारतात, तेच शरीराच्या तापमानापर्यंत (सुमारे ३८ अंश सेल्सिअस) कोमट केले की खातात. उष्णतेने वासाची द्रव्ये हवेत उडतात. कोरड्या खाद्याच्या दाण्यांवर प्राणिज चरबी आणि मांसाचा अर्क फवारतात, तेही यासाठीच. पिलू आईचे दूध पिताना तिच्या आहाराचे वासही ओळखू लागते, आणि लहानपणी न भेटलेले अन्न मोठेपणी सहज पत्करत नाही.

सर्दीने नाक चोंदले की मांजर भूक असूनही खाणे सोडते. तेव्हा नाक पुसून मोकळे करावे आणि तीव्र वासाचे ओले खाद्य कोमट करून द्यावे. दोन-तीन दिवस उपास घडल्यास, विशेषतः लठ्ठ मांजरात, शरीरातील चरबी यकृतात साठून जिवावर बेतू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण उपास झाला तरी पशुवैद्याकडे नेणे श्रेयस्कर.