भर दुपारची सांजवेळ

दुपारी काढलेल्या निसर्गचित्राला संध्याकाळचा सोनेरी उजेड देण्याची युक्ती संगणकाबरोबर आली, असं आज कुणालाही वाटेल. तिचं मूळ मात्र सतराव्या शतकातल्या रोममध्ये आहे. लोरेन प्रांतातून तिथे जाऊन स्थायिक झालेल्या क्लोद लोरें या चित्रकाराने मावळतीचा किंवा उगवतीचा सूर्य थेट चित्रात, क्षितिजाच्या जरा वर मांडला आणि सगळा देखावा त्याच्या उजेडाने बांधून घेतला. पुढच्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांनी त्याची चित्रं हौसेने जमवली, आणि देखणा निसर्ग म्हणजे क्लोदच्या चित्रासारखा निसर्ग, हे समीकरण तिथे रूढ झालं.

मग प्रवाशांना खऱ्या डोंगरदऱ्याही तशाच दिसायला हव्या होत्या. त्यासाठी त्याच्याच नावाची दोन साधनं निघाली. एक होता काळसर रंगाचा, किंचित फुगीर आरसा. देखाव्याकडे पाठ करून त्यात पाहायचं. दुसरं साधन म्हणजे रंगीत काचांचा छोटा संच. त्यातली पिवळसर काच डोळ्यांपुढे धरली, की रखरखीत दुपारही कोवळी वाटायची. आजच्या फिल्टरचा मूळ पुरुष हाच. त्याची मर्यादाही तेव्हाच उघड होती: काच उन्हाला पिवळं करायची, तशीच सावलीलाही.

चित्रकारांमध्ये या सोनेरी वेडाची वेगळी पंचाईत झाली. जुन्या चित्रांवरचं वॉर्निश कालांतराने पिवळं-तपकिरी पडतं, आणि तीच छटा लोक अस्सल मानू लागले. चित्रसंग्राहक सर जॉर्ज ब्यूमाँट हे क्लोदचे निस्सीम चाहते. त्याचं एक लहान चित्र ते प्रवासातही सोबत नेत. निसर्गचित्राचा एकूण रंग जुन्या व्हायोलिनसारखा असावा, असं त्यांनी निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलला सुचवलं. कॉन्स्टेबलने उत्तरादाखल एक जुनं व्हायोलिन उचललं आणि घरासमोरच्या हिरवळीवर ठेवलं. हिरवं गवत आणि तपकिरी लाकूड शेजारी शेजारी आल्यावर वेगळा युक्तिवाद करायची गरजच उरली नाही. सगळ्या चित्रावर एकच रंग ओतला की उजेड मरतो, हे या युक्तीच्या इतिहासातलं पहिलं मोठं शहाणपण.

छायाचित्रणात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. ब्रिटनमधल्या फ्रेडरिक रॅटन यांच्या कंपनीचे फिल्टर नावाजलेले होते. 1912 मध्ये कोडॅकने ती कंपनी घेतली आणि रॅटनचे क्रमांक जगभर चालू लागले. त्यातला 85 क्रमांकाचा नारिंगी फिल्टर खरं तर दिव्याच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म उन्हात वापरता यावी म्हणून होता. तो साध्या, उन्हासाठीच्या फिल्मवर लावला की दुपार नारिंगी व्हायची, पण ढग आणि सावल्यांसकट. पुढची पायरी म्हणजे अर्ध्या भागातच रंग असलेली काच. वर गडद तंबाखूसारखा तपकिरी रंग, खाली उतरत पूर्ण पारदर्शक. ही काच चौकटीत वरखाली सरकवून रंग फक्त आकाशाला देता येई. ‘टॉप गन’ (1986) या चित्रपटातलं तांबूस आकाश अशाच काचांचं आहे. मात्र ही उतरती छटा सरळ रेषेतच चालते. मध्ये डोंगराचा सुळका आला, तर त्याचा माथाही तपकिरी होतो.

खरं वळण आलं 2000 मध्ये, ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटाच्या वेळी. दिग्दर्शक कोएन बंधूंना 1930 च्या दशकातला, धुळीने माखलेला, वाळलेला मुलूख हवा होता. चित्रीकरण होतं मिसिसिपीतल्या हिरव्यागार उन्हाळ्यात. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी आधी रासायनिक प्रक्रियांच्या चाचण्या करून पाहिल्या, पण हिरवा रंग तेवढा निवडून बदलणं त्यातून साधेना. अखेर संपूर्ण चित्रपट स्कॅन झाला आणि कित्येक आठवडे बसून पानागवताचा हिरवा रंग पिवळ्या मातकट छटेकडे नेला गेला. माणसांच्या त्वचेला वेगळं ठेवता आलं. रंग आता चित्रातल्या एकाच गोष्टीला देणं शक्य झालं. तीच सोय पुढे घरोघरच्या संगणकांवर आली. 2020 मध्ये लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये कलर ग्रेडिंगचा नवा विभाग आला, तेव्हा उजळ, मध्यम आणि गडद भागांना रंग देणारी तीन चाकं सामान्य हौशी माणसाच्या हाती आली.

एक उदाहरण घेऊ. पुण्याजवळचा डोंगर, डिसेंबरची दुपार, दीड वाजलेला. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला, पुढे वाळलेलं गवत आणि आंब्याचं झाड. फोटो रॉ स्वरूपात हवा. जेपेगमध्ये पांढरे पडलेले ढग परत मिळत नाहीत. सुरुवात रंगापासून करू नका. आधी हायलाइट्स खाली आणा, कॉन्ट्रास्ट कमी करा, सावल्या थोड्या उचला. दुपारचा कडकपणा इथेच निम्मा उतरतो. मग टेम्परेचर 5500 वरून 6300 च्या आसपास न्या, त्यापुढे नको.

आता उजेडाची दिशा. उत्तरेकडे पाहताना पश्चिम डावीकडे येते, म्हणून मावळतीचा प्रकाशही डावीकडूनच आला पाहिजे. डाव्या कडेपासून मध्यापर्यंत विरळ होत जाणारी एक उतरती छटा ओढा. तिच्यात एक्स्पोजर अर्धा स्टॉप वर, रंग आणखी उबदार, डीहेझ थोडं उणे, म्हणजे हवेत धूसरपणा येतो. उजव्या कडेकडून दुसरी छटा, अर्धा स्टॉप खाली. आंब्याची डावी बाजू ब्रशने हलकी उजळा, उजवी दाबा. मग कलर ग्रेडिंगमध्ये उजळ भागांना 40 अंशांच्या जवळचा सोनेरी रंग, आणि सावल्यांना 220 अंशांच्या जवळचा निळा, अगदी नाममात्र. कलत्या सूर्याचा उजेड पिवळा असतो, पण सावलीवर पडतो तो आकाशाचा निळा उजेड. हा फरक राखला तरच संध्याकाळ पटते.

आकाश सगळ्यात दगा देतं. गडद निळ्यावर पिवळं चढवलं की मधे हिरवट, मळकट पट्टा येतो. म्हणून आधी निळ्याचं सॅच्युरेशन कमी करून तो उजळायचा, आणि ऊब फक्त क्षितिजालगतच्या पट्टीत द्यायची. काम बिघडलं का, हे पाहायला चित्रातली एखादी पांढरी भिंत आणि तिची सावली शोधा. दोन्ही सारख्याच पिवळ्या असतील, तर आपण पुन्हा त्या जुन्या रंगीत काचेपाशी येऊन पोचलो आहोत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही स्लायडरच्या हातात नाही. त्या दुपारी सूर्य सुमारे 46 अंशांवर असतो, त्यामुळे दहा मीटर उंच झाडाची सावलीही दहा मीटरच्या आसपास पडते. सूर्य सहा अंशांवर उतरला, की त्याच झाडाची सावली 95 मीटर लांब होते, आणि पडतेही उजवीकडे. रंग बदलला तरी जमिनीवरची ती आखूड सावली खरी वेळ सांगत राहते. म्हणून या कामासाठी लांबचे डोंगर, गवताळ पठार, पाणी असे फोटो निवडा, जिथे जमिनीवर ठळक सावल्या नाहीत. झाडाबुडी काळं वर्तुळ पडलेला मे महिन्यातला फोटो दुपारचाच राहू द्या.