डोकेदुखी, आकस्मिक तीव्र

काही सेकंदांत सुरू होऊन साधारण मिनिटभरात कमाल तीव्रता गाठणारी डोकेदुखी. तिचे सर्वांत धोकादायक नेहमीचे कारण म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली होणारा रक्तस्राव. तो बहुधा रोहिणीच्या भिंतीवरील फुगा फुटल्याने होतो.

ताणजन्य डोकेदुखी हळूहळू वाढते. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे दोन्ही बाजूंना दुखते, मान व खांदे अवघडतात. पण उलटी होत नाही आणि माणूस आपली कामे करू शकतो. अर्ध्या तासापासून काही दिवसांपर्यंत ती टिकते.

याउलट, पन्नाशीची स्त्री पाण्याची बादली उचलताना अचानक डोके धरून खाली बसते, उलटी करते आणि थोड्या वेळाने तिची मान पुढे वाकत नाही, हे चित्र रक्तस्रावाचे असू शकते. वेदनाशामक गोळीने दुखणे कमी झाले, तरी धोका टळत नाही. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. पहिल्या 6 तासांत केलेल्या सीटी स्कॅनमध्ये असा रक्तस्राव बहुधा दिसतो; उशीर झाल्यास पाठीच्या मणक्यांतून पाणी काढून तपासावे लागू शकते.

डोकेदुखीसोबत शुद्ध हरपणे, झटके, ताप व मान ताठरणे, तोंड वाकडे होणे, हातापायांतील बळ जाणे, बोलणे अडखळणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास, तसेच डोक्याला मार लागल्यानंतर किंवा गरोदरपणात तीव्र डोके दुखल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये.