घरविक्रीवरील भांडवली नफा : पुनर्गुंतवणुकीची सूट

निवासी घर विकून झालेला दीर्घकालीन नफा दुसऱ्या घरात गुंतवल्यास आयकर अधिनियम, 1961 च्या कलम 54 नुसार मिळणारी करसूट. विकलेले घर 24 महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असावे लागते. नवे घर विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावे, अथवा तीन वर्षांत बांधावे लागते.

समजा, अमरावतीतील जुने घर विकून 30 लाखांचा नफा झाला आणि अकोल्यात 50 लाखांचा फ्लॅट घेतला, तर नफा पूर्ण करमुक्त होतो. फ्लॅट लगेच 50 लाखांनाच विकता आला असता, तर नफा शून्य दिसून 30 लाख रोख, करमुक्त हाती उरले असते. ही पळवाट बंद करण्यासाठीच नवे घर तीन वर्षे न विकण्याचे बंधन आहे. ते मोडल्यास जुनी सूट रद्द होत नाही. फ्लॅटची खरेदीकिंमत मात्र सूट मिळालेले 30 लाख वजा करून 20 लाख धरतात. वीस महिन्यांनी तो 55 लाखांना विकल्यास 35 लाखांचा नफा अल्पकालीन ठरून नेहमीच्या दराने कर लागतो. तीन वर्षांनंतर विकल्यास खरेदीकिंमत पूर्ण 50 लाख धरली जाते आणि जुन्या 30 लाखांवरील कर कायमचा माफ होतो.